बंदी नाही म्हणजे चालतं असं नाही

पाय मोडून दादा तीन महिने घरी होता, तेव्हा मी त्याला संच विकत घेऊन आपापला डेक जुळवायचा पत्त्यांचा एक खेळ शिकवला. तो प्रकाशा गावी केळीची शेती करतो, मी शहाद्याच्या कॉलेजात शिकवते. पाय बरा झाला, खेळ मात्र सुटला नाही. सुरतेच्या एका दुकानातली स्पर्धा दिसली आणि आम्ही दोघांनी नावं दिली.

डेकची यादी आदल्या दिवशी पाठवायची होती. एकेका ओळीत किती पत्ते, पत्त्याचं नाव, संचाची खूण आणि क्रमांक, एकूण साठ. दादाने इंटरनेटवरून कुठल्याशा विजेत्याची यादी जशीच्या तशी उतरवली होती. संचांच्या खुणा पाहताच मी डोक्याला हात लावला.

"दादा, ही यादी जुनी आहे. चार प्रकारचे मिळून सोळा पत्ते बाद झालेत."

"बंदीनी यादी मी देखी लिधी. एक भी पत्ता त्यामा नई शे."

"बंदी वेगळी, रोटेशन वेगळं. फार जोरदार ठरलेल्या एखाद्या पत्त्यावर बंदी घालतात. रोटेशनमध्ये जुने संचच्या संच बाहेर जातात. पत्त्याच्या कोपऱ्यातलं अक्षर बघ, त्यावरून संच जुना की नवा ते कळतं."

"मंग बंदी नई, तरी चालाव नई?"

"नाही."

"हाई कसं?"

हेच मी चार वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी तो बंदीची यादी माझ्यापुढे धरायचा. शेवटी मी त्याच्या हातून पेन घेतलं, सोळाच्या सोळा पत्ते खोडले आणि त्यांच्या जागी कामचलाऊ पत्ते भरले. त्याने तोंड पाडूनच ती यादी पाठवली.

सुरतेत दुसऱ्या फेरीत माझ्यासमोरच्या मुलीने एक पत्ता टाकला. दादाच्या यादीतून मी खोडलेल्या चार प्रकारांपैकी एक, कोपऱ्यात तेच जुनं अक्षर. मी हात वर करून पंचांना बोलावलं आणि ठसक्यात म्हणाले, "हा रोटेशनमध्ये गेलाय."

पंचांनी पत्ता पाहिला, मोबाइलवर काहीतरी शोधलं. "हा पत्ता नव्या संचात पुन्हा छापलाय. नाव तेच, मजकूर तोच. म्हणून जुना छापही चालतो. खेळा पुढे."

मुलगी पुढे खेळली. मी हरले.

म्हणजे इतर तीन प्रकार खरोखरच बाद होते, पण हा चौथा दादाला ठेवता आला असता. त्याचे चारही पत्ते घरी कपाटात पडून होते आणि दादा पलीकडच्या टेबलावर कामचलाऊ पत्त्यांनी मार खात होता. मी नियम शिकवायला निघाले होते आणि पुनर्छपाईचं साधं कलम वाचायचंच राहिलं होतं. स्वतःचाच इतका राग आला की चहाही गोड लागेना.

जेवणाच्या सुटीत त्याला सांगितलं. वाटलं, आता ऐकवेल. त्याने ढोकळ्याचा आणखी एक तुकडा उचलला.

"चार पत्ता?" त्याने विचारलं.

"चार."

"अन् तू मन्हा हातनं पेन लिधा व्हता."

पाचपैकी तो एक फेरी जिंकला, मी दोन. परतीच्या गाडीत मी नियमांचं पान पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं, तर तिसऱ्याच कलमाला त्याने मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं.