उताऱ्यात नसलेलं लग्न

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि नांदेडच्या क्लासमध्ये मी सराव-पेपर घेऊन सरांसमोर उभी होते. उतारा खेड्यातल्या मुलींच्या शाळेवर होता. प्रश्न होता, ‘उताऱ्यानुसार मुली सातवीनंतर शाळा का सोडतात?’ मी डोळे झाकून ‘लवकर लग्न’ या उत्तराचा गोल काळा केला होता. लोह्याजवळच्या आमच्या गावात माझ्या ताईची शाळा तशीच सुटली होती. हे मला कुणी शिकवायचं?

“उताऱ्यात लग्न कुठंय, दाखव,” सर म्हणाले.

मी ओळींखालून बोट फिरवत गेले. हायस्कूल लांब, एसटी वेळेवर नाही, एवढंच होतं. ही चूक माझी तिसऱ्यांदा होत होती, आणि चुकीला गुण कापतात.

“पण सर, खरं हाय ते.”

“असू दे. खरं काय ते विचारलंच नाही. उताऱ्याबाहेरचं विसरून पेपर सोडव.”

ताईला विसरायचं कसं?

बाहेर आले, तर आईचा फोन.

“पेपर झाला की लगेच गाडीत बस,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार हायत, तुला बघायला.”