बदलून राह्यलो

मलकापूरच्या त्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये मी सकाळच्या पाळीला, अन् दुपारी पुण्याकडून आलेल्या नव्या मॅडम. पाळी बदलताना मशीनबद्दल दोन ओळी लिहून ठेवायची आमची पद्धत. त्या दिवशी मी लिहिलं होतं:

"३४० च्या फिल्टरवर लॅम्पचा उजेड कमी. पाण्याचं ब्लँक घेतलं, क्युव्हेट धुतली, नवीन रिएजंट लावलं. कंट्रोल तरी कमीच. बाकीच्या फिल्टरवर ठीक. लॅम्प बदलून राह्यलो. टीबीवाल्या बाईचं एसजीपीटी लॅम्प बदलल्यावरच लावा."

ती बाई जळगाव जामोदकडची. टीबीच्या गोळ्यांनी उलट्या होत होत्या, म्हणून डॉक्टरांनी लिव्हर तपासायला सांगितलं होतं. एसजीपीटी वाढलं असेल तर गोळ्या थांबणार, नसेल तर चालू राहणार. रक्त मीच घेतलं होतं. तिचा नवरा म्हणाला, "भाऊ, नीट पाहा बरं."

नवा लॅम्प अकोल्याहून निघाला होता, पोचला नव्हता. आमच्याकडे 'जेवून राह्यलो' म्हणजे जेवण चालू आहे. ताट उचललेलं नाही. एवढं साधं आहे हो! पण मॅडमनी वाचलं ते असं, की लॅम्प बदलून मी मोकळा झालो. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं तपासणीचं सॅम्पल, तेही मीच लावून पाहिलं असं समजून त्यांनी बाईचं सॅम्पल लावलं. मरायला टेकलेल्या लॅम्पनं आकडा कमी दाखवला. रिपोर्ट नॉर्मल. गोळ्या चालू.

दुसऱ्या दिवशी लॅम्प बसवला, कंट्रोल जागेवर आला, अन् फ्रिजमधलं सॅम्पल काढायला गेलो तर त्यावर 'झालं' लिहिलेलं. पुन्हा लावलं. आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट.

डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तिच्या घरी फोन लावला. लागेना. चौथ्या दिवशी लागला तेव्हा तिला अकोल्याला हलवलं होतं, डोळे पिवळेजर्द.

मी मॅडमवर ओरडलो. "काऊन विचारलं नाही मले?"

"अहो, स्पष्ट लिहिलं होतं तुम्ही! बदलून राहिलो म्हणजे झालंच ना?" त्या रडायला लागल्या. मला त्यांची कीव आली नाही. आपल्याच बोलीचा राग आला, त्याची लाज वाटली, अन् तरी राग गेला नाही.

मग आम्ही रोज अकोल्याला फोन करायचो. एका दुपारी पाळी बदलतानाच नवऱ्यानं उचलला. फोन स्पीकरवर होता.

"भाऊ," तो म्हणाला, "ते जाऊन राह्यली."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी या खेपेला उलटा अर्थ लावला नाही. त्या स्टुलावर बसल्या अन् हळूच म्हणाल्या, "म्हणजे अजून आहे."

"हाव," मी म्हणालो. "अजून आहे."

संध्याकाळी नव्हती.