चुकार ठोके

हृदयविभागात तिला सगळे नाडीमावशी म्हणत. छातीवर चकत्या चिकटवायच्या, तारा जोडायच्या आणि चोवीस तास हृदयाची नोंद घेणारी डबी पेशंटच्या कमरेला बांधायची, एवढंच तिचं काम. पण घाबरलेल्या माणसाला धीर देण्याचं काम तिनं स्वतःहूनच अंगावर घेतलं होतं. कोणी छातीवर हात ठेवून "मावशी, मधेच धडधडतं हो!" म्हणालं, की ती हसायची. "एखादा ठोका घाई करतो, मग हृदय जरा थांबतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. तोच तुम्हाला कळतो. मलाही आहेत की चुकार ठोके! मेले का मी?"

खोटं नव्हतं ते. पुष्कळ वर्षांपूर्वी तिची स्वतःची तपासणी झाली होती. ठोके मोजकेच, हृदय ठणठणीत. घाबरू नका, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मावशीनं ते वाक्य जन्मभरासाठी गाठीला बांधलं.

नवी डबी आली की ती आधी विभागातल्याच कोणीतरी दिवसभर बांधून बघायची, अशी तिथली पद्धत होती. या खेपेला पाळी मावशीची आली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर नोंद उमटली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. दर चार-पाच ठोक्यांमागे एक रुंद, बेढब, वेळेआधीचा ठोका. दिवसभर तेच, रात्रभर तेच.

"डबी खराब आहे," तिनं जाहीर केलं आणि ती परत पाठवायला बांधूनसुद्धा ठेवली. दुसऱ्या कोणाची अशी नोंद असती, तर ती धावतच डॉक्टरांकडे गेली असती. तार सैल असली की रेघ कशी थरथरते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ही रेघ कुठेच थरथरत नव्हती. पण स्वतःचं म्हटल्यावर शहाणपण कुठे चरायला जातं कोण जाणे.

विभागाच्या डॉक्टरबाईंनी ती नोंद पाहिली, जुनी डबी काढली आणि चकत्या स्वतः चिकटवल्या. नोंद तीच आली. मग सोनोग्राफीच्या खोलीत मावशी पुष्कळ वर्षांनी स्वतः टेबलावर आडवी झाली. पडद्यावर तिचं हृदय जरा फुगलेलं, सुस्त दिसत होतं.

"मला तर काही जाणवत नाही हो," ती म्हणाली.

"जाणवायलाच हवं असं नाही. दम लागतो?"

"वय झालं आता."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "मावशी, तुम्ही लोकांना सांगता ते बरोबरच आहे. हृदय धडधाकट आणि ठोके थोडे असले, तर चिंता नको. पण शंभरातले वीस-पंचवीस ठोके वर्षानुवर्षं असे वेडेवाकडे पडले, तर हृदयाच्या भिंतींचा मेळ बिघडतो. मग काहींचं हृदय हळूहळू थकतं. तुमचं तसंच झालं असावं. आधी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तुंबलेल्या नाहीत ना, कुठे जुना व्रण नाही ना, ते बघू."

"आणि तसं काही नसेल तर?"

"तर मी खूश होईन. हे चुकार ठोके थांबवले की असं हृदय बहुतेक वेळा सावरतं."

मावशीला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच. एका जुन्या चांगल्या रिपोर्टवर ती इतकी वर्षं निश्चिंत झोपली होती.

व्रण निघाला नाही, नळ्याही मोकळ्या होत्या. गोळ्यांनी ठोके फारसे हटले नाहीत. तेव्हा जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेली, घाई करणारी जागा शोधली आणि तेवढीच जाळली. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी पडदा मावशीकडे वळवला. हृदय घट्ट आवळत, जोमानं काम करत होतं. मावशीला रडूच कोसळलं.

ती बाहेर आली तेव्हा बाकावर एक तरुण शिक्षिका बसली होती. मोजकेच चुकार ठोके, हृदय उत्तम, असं तिला नुकतंच सांगून झालं होतं, तरी तिचा चेहरा उतरलेला. मावशीनं तिचा हात हातात घेतला. "आज काळजीचं काही नाही. खुशाल जिने चढ, धाव. पण दम लागायला लागला, चक्कर आली किंवा हे चुकार ठोके वाढले, तर माझ्यासारखी वयावर ढकलू नकोस. परत ये."

संध्याकाळी न्यायला आलेल्या नवऱ्याबरोबर ती घरी निघाली. लिफ्ट नसलेली इमारत, घर वरच्या मजल्यावर. गेली दोन-तीन वर्षं ती मधल्या वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायची. नवरा शेजारी उभा राहून मुकाट्यानं वाट बघायचा. आज तो सवयीनं त्याच वळणावर थांबला. मावशी बोलत बोलत वर गेली, दाराशी पोचली आणि मग मागे वळली.

"थांबलात का?"

"तू किल्ली शोधशील म्हणून," तो खालून म्हणाला. त्यानं खिशातून किल्ली काढली. "ती रोज माझ्याकडेच असायची."