कागदी लढाई

बॉक्सरबाई हे नाव त्यांना शिबिरातल्या मुलांनीच ठेवलं होतं. तरुणपणी बाईंनी रिंगणात एका मुलीचा जबडा मोडला होता. ती महिनाभर नळीनं पेज पीत राहिली, आणि बाईंनी हातमोजे खुंटीला टांगले ते कायमचे.

त्या दिवशी पावसानं मैदानाचं तळं झालं होतं. पन्नास मुलं सभागृहात कोंडलेली. बाईंनी संगीत खुर्ची लावली. दर फेरीला एक खुर्ची कमी, एक मूल बाद. बाद झालेलं मूल म्हणजे रिकामा हात, आणि रिकामा हात दुसऱ्याचे केस ओढतो, हे पंधरा वर्षांत त्या शिकल्या होत्या; तरी त्यांनी कानाडोळा केला.

अठरा मुलं बाद झाली तोवर भिंतीपाशी चिमटे, ढोसण्या, थुंकाथुंकी सुरू झाली होती. गाणं थांबलं. एका खुर्चीवर दोघं पडली, एक जाड्या मुलगा आणि एक काडीपैलवान मुलगी. जाड्यानं तिला लाथ घालून खाली पाडलं. ती उठली, शेजारची लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. दोन दात फरशीवर घरंगळले. त्याच्या भावानं तिचा गळा धरला, तिची बहीण त्याच्या दंडाला चावली आणि बघता बघता सगळं सभागृह एकमेकांवर तुटून पडलं.

मदतनीस सर धावले. त्यांनी दोरीउड्यांच्या दोरीनं त्या मुलीला फोडून काढायला घेतलं. तिसरा फटका पडायच्या आत बाईंनी त्यांचं मनगट पिरगाळलं. बाईंच्या दुसऱ्या हाताची मूठ आपोआप वळली होती.

"दोरी टाका," त्या हळूच म्हणाल्या. "मी मारलं तर तुम्ही उठणार नाही."

सरांनी दोरी टाकली.

बाईंनी लांब शिट्टी फुंकली. जो जिथे होता तिथे खाली बसला. दात परत बसवता यावेत म्हणून मुळाला न धरता उचलून त्यांनी दुधाच्या पेल्यात टाकले, आणि पेल्यासकट जाड्याला सरांबरोबर दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. खुर्च्या बाहेर गेल्या, फरशीवरचं रक्त आणि पाणी पुसलं गेलं.

मग त्यांनी मधोमध दोरी आडवी टाकली, दोन्हीकडे मुलं वाटली आणि रद्दीचे गोळे करायला लावले. दोरी ओलांडायची नाही, तोंडावर मारायचं नाही, शिट्टी झाली की हात वर. ज्यांच्या अंगणात कमी गोळे, ते जिंकले. बाद कुणीच नाही.

मुलं दात-ओठ खाऊन लढली. ती काडीपैलवान तर रडत रडतच फेकत होती.

संध्याकाळी शिबिरप्रमुखांनी विचारलं, चूक कुणाची? सर मुलीकडे बोट दाखवत होते. बाई म्हणाल्या, "माझी. पन्नास मुलांत बाद करायचा खेळ मी लावला."

मग सरांनी दोरी चालवल्याचंही त्यांनी सांगितलं. सरांना काढलं, बाईंना ताकीद मिळाली. एक दात रुजला, दुसरा गेला. घरी जाताना बाईंची मूठ मात्र अजूनही आपोआप वळत होती.