कोयत्याच्या चालीवर कापलेला व्हिडिओ

तुमचं माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीच्या व्हिडिओला कुठलं संगीत लावायचं, हे कोण ठरवतं? तुम्ही, की स्टुडिओतला तयार साचा?

केजच्या बाजारात ज्या स्टुडिओत मी व्हिडिओ जोडायला बसते, तिथं पुण्यस्मरणाचा साचा ठरलेला आहे. संथ बासरी, मिनिटाला साठ ठोके. दर आठ ठोक्यांनी एक फोटो विरघळतो आणि दुसरा उमटतो. मोठ्या बागायतदाराला तोच, मजूर बाईलाही तोच. घरात पुस्तकांपेक्षा मोर्चाची पत्रकं जास्त होती, त्यातच मी वाढले. म्हणून असेल, पण हा साचा मला अन्यायाचाच वाटायचा. कष्ट करून गेलेल्या बाईला प्रत्येक वेळी बिच्चारीच का करायचं?

दिंद्रुडकडची एक मुलगी मामाला घेऊन आली. तिची आई ऊसतोड करायची, वर्षापूर्वी वारली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात वर्षश्राद्ध, त्यासाठी भाड्यानं पडदा सांगितलेला. मुलीकडं थोडे फोटो आणि उसाच्या फडात तिनंच मोबाइलवर काढलेलं आईचं चित्रण होतं. तिचं मागणं एकच होतं : "ताई, आईसोबत तोडीला जाणाऱ्या बायका येणार हाईत. त्यांना ती वळखू आली पाहिजे."

मी आधी साचाच लावून दाखवला. तिनं मान हलवली.

"माझी आई एवढी रडकी न्हवती."

"मंग काय नाचायचं का?" मामा म्हणाले. "लोकं म्हणतील, लेकीला दुःखच न्हाई."

मागून स्टुडिओचे मालक, आमचे चाचा, चहा गाळत म्हणाले, "अरे बेटी, लोक रडायलाच येतात. रडू दे ना."

मला चेव आला. बासरी काढली, एकशेचाळीसची दणदणीत हलगी लावली आणि प्रत्येक ठोक्यावर चित्र बदललं. एकेक फोटो अर्धा सेकंदही टिकेना. कोयता, मोळी, चेहरा, कोयता. माझ्या डोळ्यांसमोर मोर्चाच उभा राहिला.

मुलगी बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "ही तर निवडणुकीला उभी राहिल्यावानी दिसती."

मामा फसकन हसले. "चिन्ह काय देताव? कोयता?"

मीही हसले. बासरीनं तिची बिच्चारी केली होती, हलगीनं घोषणा. बाई दोन्हीकडं नव्हती.

मग मी सगळं संगीत बंद केलं आणि फडातलं चित्रण नुसतंच लावलं. बुडख्यावर घाव, ऊस उचलून वळवणं, शेंडा तोडणं, मागं टाकणं. पुन्हा घाव. मुलीचं बोट आपोआप टेबलावर वाजायला लागलं. तिनं आईशेजारी ऊस तोडला होता, ती चाल तिच्या अंगात होती.

"थांबू नको, तशीच वाजव," मी म्हणाले, आणि तिच्या बोटाबरोबर कळ दाबत गेले. सॉफ्टवेअरनं वेग दाखवला : अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. बासरीहून चपळ, मोर्चाहून निवांत.

चाचांनी त्यांच्या साठ्यातून एक साधी हलगी काढून दिली. ती शंभरची होती, तिचा सूर न बदलता वेग उतरवला. चार ठोके म्हणजे एक ऊस. म्हणून चित्र बदललं फक्त पहिल्या ठोक्यावर, घावाच्या जागी. तेही एक-दोन फ्रेम आधी, म्हणजे डोळ्याला आणि कानाला ते एकदमच लागतं. प्रत्येक फोटोला जवळजवळ पावणेतीन सेकंद मिळाले. तेवढ्यात चेहरा नीट बघून होतो.

शेवटी आई कोयता खाली ठेवते आणि लेकीकडं बघून म्हणते, "कशाला काढती गं, तोंड तरी धुऊ दे!" तिथं हलगी पूर्ण थांबवली. नुसतं तिचं हसू ठेवलं.

मामा मात्र जाताना कुरकुरलेच. "बघा बरं. गावात तोंड मला दाखवायचंय."

दुसऱ्या दिवशी पडद्याची जोडणी बघायला मीही गेले. बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. हलगी सुरू झाली तेव्हा कुणी रडलं नाही. पुढं बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघ, अशीच तोडायची. आपल्याला हिच्या मागं पळावं लागायचं." हलगी थांबली, ते हसू आलं, आणि मग मात्र सगळ्यांनी पदर डोळ्याला लावला. मामा पडद्याकडं पाठ करून उभे होते. तसेच, मागं न बघता म्हणाले, "पुन्यांदा लावा."

साचा आजही आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. घाईचं गिऱ्हाईक तोच मागतं, आणि चाचा मला डोळ्यांनी गप्प बस म्हणतात.

माझं तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या फोनमध्ये घरच्या माणसाचं काम करतानाचं चित्रण असेल, तर आज आवाज बंद करून ते बघा आणि बोटानं त्याची चाल धरा. नसेल, तर उद्या सकाळी ते कामाला लागल्यावर काढून ठेवा. गाणं नंतर निवडा.