पिठातल्या खड्याला दिलेलं उत्तर

पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, तिथेच वैशालीची टपरी. कुळीथ भाजून, पाखडून दळलेलं तिचं पीठ प्रवासी आवडीने नेतात. बरेचसे तर गूगलवर शोधून येतात. गणपतीच्या तोंडावर तिथेच कुणा साहेबांनी टपरीला एकच तारा देऊन शेरा ठोकला : ‘पिठात खडे. चक्क फसवणूक.’ सोबत पिशवीचा फोटो. वैशालीने फोटो मोठा करून पाहिला. पिशवी तिची नव्हतीच! तिच्या पाकिटाला हिरवं लेबल असतं, ही कोरी, रबर लावलेली. दुसऱ्या कुणाचं तरी पीठ साहेबांनी हिच्या माथी मारलं होतं.

तिने गूगलकडे तक्रार केली. नियमभंग दिसत नाही, असं उत्तर आलं. मग तिने मुंबईतल्या दिराला, सुनीलला सांगितलं.

“वयनी, तू गप ऱ्हा. मी बघतो,” तो म्हणाला.

वाडीचं मुंबईतलं मंडळ एका हाकेला उभं राहणारं. संध्याकाळपर्यंत पाच-पाच तारे बदाबद पडले, ते देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी टपरी पाहिलीही नव्हती. शिवाय साहेबांना ‘खोटारडा’, ‘परत ये, दाखवतो’ हा आहेर वेगळाच. असे प्रेमळ लोक असले, की माणसाला शत्रूंची गरज पडत नाही.

महाडच्या शिक्षिका चारुशीला दरवर्षी शाळेतल्या सगळ्यांसाठी पीठ नेत. त्यांचा फोन आला. “वैशालीताई, तुमच्या पिठाबद्दल मला शंका नाही. पण बाकीचे म्हणतात, गिऱ्हाइकाला धमक्या देणाऱ्यांकडून नको. यंदा राहू द्या.”

वैशाली टपरीतच रडली. मग तिने सुनीलला फोन लावला. “ज्यांनी लिवलंय त्यांना आपापलं काढायला सांग.”

“अगो, आमी तुझ्यासाठीच केलं!”

“म्हाईत हाय रे. म्हनून तर रडू येतंय.”

सुनील रुसला, पण एकेकाच्या मागे लागून त्याने ते काढायला लावलं.

मग वैशालीने साहेबांच्या शेऱ्याखाली पहिलं उत्तर रागात लिहिलं आणि पुसलं. दुसरं ठेवलं : ‘पिठात खडा लागला म्हणजे त्रास झालाच असणार, वाईट वाटलं. फोटोतली पिशवी आमची नाही, आमच्या पाकिटावर हिरवं लेबल असतं. आमच्या लोकांनी तुम्हाला वाकडं लिहिलं, त्याबद्दल माफ करा. या वाटेने आलात तर थांबा. पाकीट उघडून, पीठ हातावर घेऊन बघा. पटलं तरच न्या. हे सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगते.’

साहेब काही परत फिरकले नाहीत. पण उत्तर वाचून चारुशीलाबाई सहकाऱ्यांना घेऊन आल्या. त्यांनी पाकिटं उघडली, पीठ चिमटीत चोळून पाहिलं आणि शाळेचं सगळं पीठ बांधून नेलं. मग अनोळखी गाड्याही थांबू लागल्या. “ते उत्तर वाचलं, उघडून बघू?” असं लोक हसत विचारत. वैशालीला मनापासून आनंद होई.

सुनीलने विचारलं, “त्यानं तारा काढला काय?”

“नाय.”

“मग मी त्याला नीट भाषेत सांगू?”

“नको रे बाबा! ऱ्हाऊ दे,” ती घाईघाईने म्हणाली. “तारा गेला तर त्याच्याखालचं माझं उत्तर पन जाईल ना!”