काकवांचं लोहचुंबक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी डोंबिवलीत भांड्यांच्या दुकानात विक्रीच्या कामाला होते. त्याआधी अंबरनाथच्या भांडी कारखान्यात काम केलेलं, त्यामुळे पातेल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायचं काम मालकाने माझ्या गळ्यात मारलं. नॉन-स्टिक तव्यासाठी मी लिहिलं, ‘आत ॲल्युमिनियम, वर थर. लोखंडी उलथनं लावू नका, रिकामा तापवू नका, थर जाईल.’ मालकाने ती फाडून लिहिलं, ‘जन्मभर चिकटणार नाही!’ जन्म कुणाचा, तव्याचा की गिऱ्हाइकाचा, ते त्यालाच ठाऊक.

एकदा एक बाई लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन आल्या. नवरा जर्मनीत, घरात गॅस नाही, इंडक्शनची शेगडी. विमानात सामान मोजकंच न्यायचं, म्हणून एकच सेट हवा होता. बाईंनी पर्समधून लोहचुंबक काढलं आणि ज्या पातेल्याला ते चिकटलं ते ढकलून दिलं. “हे लोखंड आहे!”

मी म्हटलं, “काकू, हेही स्टेनलेसच, चारशे तीस ग्रेडचं. इंडक्शनला बुडाला चुंबक चिकटायलाच हवं. तीनशे चार चांगलं, गंज कमी धरतं, पण त्याला चुंबक लागत नाही. नुसतं तीनशे चारचं पातेलं त्या शेगडीवर तापणारच नाही. आणि चुंबक लागलं नाही म्हणून ते तीनशे चारच असतं असंही नाही, स्वस्तातल्या दोनशे दोनलासुद्धा लागत नाही.”

“अगं, पण रुखवतात मांडायचंय! हिच्या काकवा चुंबक घेऊन येतात. शोभा करून घेऊ का?”

वा गं वा! स्वयंपाक जर्मनीत, आणि परीक्षा घेणार डोंबिवलीच्या हॉलमधल्या काकवा. लेक हळूच म्हणाली, “आई, ती सांगतेय ते बघ ना.” मालक मध्येच नाक खुपसून म्हणाला, “ताई, आपला माल सगळ्या शेगड्यांवर चालतो.” तो स्वतः घरी चहासुद्धा करत नसे. बाईंनी तीनशे चारचा सेट उचलला. मला इतका संताप आला की पिशवीला मी एकाऐवजी तीन गाठी मारल्या.

रुखवत म्हणे झकास झालं. काकवांचं चुंबक एकाही भांड्याला चिकटलं नाही.

सहा महिन्यांनी लेक माहेरी आली, ती तो अख्खा सेट घेऊन. दुकानात आई तिच्या मागे उभी होती. लेकीने एकेक पातेलं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, “बदलून द्या.”

मालक हसला. “वापरलेली भांडी आम्ही परत घेत नाही हो.”

“वापरलेली?” ती म्हणाली. “काका, यात अजून साधं पाणीसुद्धा तापलेलं नाही.”